जॅक म्हणतो पास, तरी अँकर नापास

मागच्या भागानंतर एकाने विचारलं, "अँकर ओढून लोड आला की झालं ना?" मलाही पहिल्या साइटवर तसंच वाटायचं.

तळघरासाठी खोल खड्डा खणला की मागची माती भिंतीसकट आत यायला बघते. म्हणून भिंतीतून तिरकं भोक पाडायचं, स्टीलचे स्ट्रँड सोडायचे आणि टोकाकडे सिमेंटचं ग्राउट भरायचं. ग्राउटने जमिनीला धरलेला भाग म्हणजे बाँड लेंथ. अलीकडचा भाग ग्रीस लावलेल्या प्लास्टिकच्या नळीत मोकळा असतो, ती फ्री लेंथ. सरकू शकणारी माती ओलांडून पुढे गेल्यावरच बाँड सुरू व्हायला हवा. सरकणाऱ्या मातीलाच धरून काय उपयोग?

आता एक अँकर घेऊ. चार स्ट्रँड, मिळून ५६० चौरस मिमी स्टील. जॅकच्या पकडीपर्यंत फ्री लेंथ १० मीटर, बाँड ६ मीटर, डिझाइन लोड ५०० किलोन्यूटन. प्रूफ टेस्टला १.३३ पट, म्हणजे ६६५ पर्यंत ओढायचं. सुरुवातीच्या ५० पासून तिथपर्यंत १० मीटर स्टील साधारण ५६ मिमी ताणायला हवं. निदान ८० टक्के, म्हणजे ४५ मिमी तरी हवंच.

आमच्या एका अँकरने ६६५ आरामात घेतले. दहा मिनिटं धरून ठेवलं, पहिल्या ते दहाव्या मिनिटात सरक १ मिमीच्या आत. सगळे खूश! पण लोड परत ५० वर आणून कायमची सरक वजा केली, तर ताण फक्त ३४ मिमी. उलटा हिशोब केला, तर मोकळं स्टील जेमतेम ६ मीटर. नळी फाटून ग्राउट आत गेलं होतं, आणि अँकरने सरकणाऱ्या मातीलाच पकडलं होतं. आज लोड घेतो, उद्या ती माती हलली की तोही तिच्याबरोबर जाणार.

ताण मोजायचा डायल गेज मात्र भिंतीवर लावू नका हं. भिंतही दबते आणि आकडा फसवतो. वेगळ्या स्टँडवर लावा.

फ्री लेंथ फार आखूड ठेवण्यात आणखी एक घोळ असतो. लॉक करताना वेज साधारण ६ मिमी आत बसतात. १० मीटर स्टीलमध्ये त्याने ६५ किलोन्यूटन जातात, ३ मीटरमध्ये २१८! म्हणून स्ट्रँडला किमान साडेचार मीटर तरी ठेवतात.

"मग बाँडच वाढवू की!" नाही बरं. भार आधी बाँडच्या पुढच्या तोंडाशी येतो. १०-१२ मीटरनंतर मागचं टोक फारसं कामच करत नाही.

त्या अँकरचं काय झालं? शेजारी नवीन भोक पाडलं. आणि स्ट्रँड आत सोडण्याआधी प्रत्येक नळी हाताने चाचपून पाहिली.