शून्य आलं की परतीची वाट बंद

दहावीत निश्चयक शिकलेल्यांनी कागद-पेन्सिल घ्यावी. पहिल्या ओळीत ४ आणि २, दुसऱ्या ओळीत १ आणि ३ असा चौरस मॅट्रिक्स लिहा. तो (x, y) या बिंदूला (4x+2y, x+3y) इथे नेतो. बहुतेक बाणांची दिशा त्यामुळे बदलते, पण (२, १) हा बाण (१०, ५) होतो. म्हणजे रेषा तीच, लांबी पाचपट. तसाच (१, −१) दुप्पट होतो. हे ५ आणि २ म्हणजे या मॅट्रिक्सची आयगेनमूल्ये.

आता कर्णावरच्या ४ आणि ३ यांची बेरीज करा: ७. हा ट्रेस, आणि ५+२ सुद्धा ७. निश्चयक ४×३ − २×१ = १०, आणि ५×२ सुद्धा १०. हा योगायोग नाही. आयगेनमूल्ये λ² − 7λ + 10 = 0 या समीकरणाची मुळं आहेत, आणि त्यातले ७ व १० हे ट्रेस आणि निश्चयकच आहेत. एखादं मूल्य दोनदा आलं, तर दोनदाच मोजायचं. विद्यार्थी चुकतात ते इथेच.

खालची ओळ २, १ केली तर? निश्चयक शून्य, ट्रेस ५; म्हणून मूल्ये ५ आणि ०. आता (१, −२) हा बाण थेट (०, ०) वर कोसळतो. (२, −४) सुद्धा तिथेच पोहोचतो. मग शून्यावरून मागे जाताना नेमकं कुठे परतायचं? ते ठरवताच येत नाही, म्हणून या मॅट्रिक्सचा व्यस्त अस्तित्वातच नाही.