दांड्या दिसतात, पण फोन लागत नाही! काय आहे 35 किलोमीटरचा हिशोब?

समुद्रात मासेमारीला जाणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. किनारा पार मागे पडलेला असतो, तरी साध्या टूजी फोनवर दोन-तीन दांड्या रेंज दिसते. नंबर लावला की मात्र फोन थोडा वेळ धडपडतो आणि कट होतो. बोट दोन-चार किलोमीटर किनाऱ्याकडे आली, की तोच फोन लगेच लागतो. दोष फोनचा नाही, सिमचाही नाही. प्रश्न आहे वेळेवर पोचण्याचा.

टूजीमध्ये एकाच लहरीवर आठ फोन पाळीपाळीने बोलतात. एका फोनची पाळी असते 577 मायक्रोसेकंदांची (एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग). आपल्या पाळीत फोन आवाजाचा एक तुकडा टॉवरकडे फेकतो आणि गप्प बसतो. दोन पाळ्यांच्या मध्ये मोकळी जागा ठेवलेली असते, पण ती फक्त 30 मायक्रोसेकंदांची.

आता अंतर बघा. रेडिओ लहर एका मायक्रोसेकंदात 300 मीटर जाते. समजा एक फोन टॉवरपासून 1 किलोमीटरवर आहे आणि दुसरा 11 किलोमीटरवर. लांबच्या फोनला टॉवरचा इशाराच 37 मायक्रोसेकंद उशिरा ऐकू येतो. त्याने पाठवलेलं परत पोचायला आणखी 37 लागतात. म्हणजे उशीर दुप्पट, जवळपास 73 मायक्रोसेकंद. मोकळी जागा 30 चीच, त्यामुळे त्याचं शेपूट पुढच्या फोनच्या पाळीत घुसणार आणि दोघांचंही बोलणं बिघडणार.

डेअरीवर दूध घालायची वेळ ठरलेली असेल, तर लांबच्या मळ्यातला माणूस घरातून आधी निघतो. टॉवर फोनला हेच सांगतो, की तू इतका लांब आहेस, तर इतकं आधी पाठव. याला ‘टायमिंग अ‍ॅडव्हान्स’ म्हणतात. टूजीत हा 0 ते 63 मधला एक आकडा असतो. आकडा एकने वाढला, की फोन 3.69 मायक्रोसेकंद आधी पाठवतो. जाऊन-येऊन हिशोब धरला तर हे साधारण 550 मीटर अंतर झालं. आपल्या उदाहरणात 1 किलोमीटरवाल्याला 2 आकडा मिळेल आणि 11 किलोमीटरवाल्याला 20. मग दोघंही आपापल्या पाळीत नीट बसतात.

पण फोन किती लांब आहे, हे टॉवरला आधी कसं कळतं? कॉल लावताना फोन पहिल्यांदा मुद्दाम एक आखूड तुकडा पाठवतो. तो उशिरा पोचला तरी दुसऱ्याच्या पाळीत जात नाही, कारण त्याच्यामागे 250 मायक्रोसेकंदांची जागा रिकामी सोडलेली असते. तो किती उशिरा आला ते मोजून टॉवर आकडा कळवतो. कॉल चालू असताना हा आकडा सेकंदाला साधारण दोनदा तपासला जातो. ताशी 60 किलोमीटरने जाणाऱ्या एसटीला 550 मीटर कापायला 33 सेकंद लागतात, त्यामुळे प्रवासात अडचण येत नाही.

अडचण येते 63 संपल्यावर. 63 गुणिले 550 म्हणजे जवळपास 35 किलोमीटर, सागरी मैलांत सुमारे 19. जमिनीवर डोंगर-झाडी आडवी येते, म्हणून इतक्या लांबचा टॉवर सहसा पकडतच नाही. समुद्रावर मध्ये काहीच नसतं. उंच सड्यावरच्या टॉवरची लहर 35 च्या पुढेही पोचते आणि फोन दांड्या दाखवतो. दांडी म्हणजे टॉवरचं तुम्हाला ऐकू येतंय एवढंच. तुमचं त्याच्याकडे वेळेत पोचतंय की नाही, हे दांडी सांगत नाही.

म्हणूनच बोटीवर मोठा अँटेना लावून इथे उपयोग नाही. दांड्या वाढतील, अंतर तेवढंच राहील. काही किनाऱ्यांवर कंपन्या एका फोनला लागोपाठ दोन पाळ्या देऊन पल्ला वाढवतात, पण मग एका टॉवरवर निम्मेच फोन बसतात.

फोरजीत आकड्याची पायरी बारीक आहे, सुमारे 78 मीटरची, आणि मर्यादा 100 किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. प्रत्यक्षात कंपनीने त्या टॉवरवर जे सेटिंग ठेवलं असेल तेच खरं. एका नेहमीच्या सेटिंगमध्ये पहिली हाक साधारण 14 किलोमीटरपर्यंतच धरली जाते. तेव्हा फोरजीच्या दांड्या दिसूनही नेट न चालण्यामागे हेही एक कारण असू शकतं.

मग कारण अंतरच आहे हे ओळखायचं कसं? टॉवरवर गर्दी असेल, तर त्याच जागी थोड्या वेळाने फोन लागतो. रेंज कमी असेल, तर दांड्या सारख्या वर-खाली होतात. दांड्या स्थिर आहेत, कितीही वेळा लावला तरी लागत नाही आणि किनाऱ्याकडे थोडं सरकलं की लगेच लागतो, असं असेल तर अंतराचाच संशय घ्या. त्या पट्ट्याच्या पलीकडे जाणार असाल, तर निरोप आधीच देऊन ठेवा. अडचणीच्या वेळी दांड्यांवर विसंबू नका, बोटीवरच्या व्हीएचएफ सेटवर चॅनेल 16 लावा.