डोस घेतला, तरी जुलाब?

आठ महिन्यांच्या बाळाला पातळ जुलाब लागले की आई विचारते, 'रोटाव्हायरसचे तिन्ही डोस दिलेत, मग हे कसं?' सरकारी लसीकरणात ही तोंडावाटे द्यायची लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात मोफत मिळते. पण ती एकाच विषाणूवर चालते; जुलाब इतर जंतूंमुळेही होतात. शिवाय भारतीय रोटाव्हॅकच्या चाचणीत रोटाव्हायरसचे गंभीर जुलाब पहिल्या वर्षी साधारण निम्म्यानेच घटले. म्हणजे लस घेतलेल्या बाळालाही ओआरएस आणि झिंक लागतंच. डोसानंतरच्या आठवड्यात मात्र बाळ थांबून थांबून कळवळून रडलं, सारखं ओकलं किंवा शीतून रक्त गेलं, तर आतड्यात आतडं अडकल्याची शंका घ्यावी. हे क्वचित घडतं, पण तेव्हा घरगुती उपाय नकोत, थेट रुग्णालय गाठावं.