दोन अंशांची मुभा, नऊ अंशांचे हेलकावे

इस्त्रीचा दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो. आत ‘टक’ असा बारीक आवाज होतो. आपण तापमान ठरवून दिलेलं असतं, तरी इस्त्री त्या तापमानावर कधीच थांबत नाही. त्याच्या वर-खाली हिंडत राहते. बिघाड वाटावा असं हे वागणं आहे, पण आतल्या स्विचला दुसरं काही करताच येत नाही. त्याला दोनच गोष्टी कळतात, पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद. अशा स्विचला रिले म्हणू. रिले लावलेली यंत्रणा ठरावीक उंचीचे, ठरावीक वेळाचे हेलकावे खात राहते. या हेलकाव्यांचं शास्त्रीय नाव ‘लिमिट सायकल’. ते किती मोठे आणि किती संथ असतील हे कागदावर आधीच सांगता येतं. ती युक्ती म्हणजे ‘डिस्क्राइबिंग फंक्शन’.

एक छोटी भट्टी घेऊ. खोलीचं तापमान २५ अंश, हीटर सतत चालू ठेवला तर भट्टी १०५ अंशांवर जाऊन स्थिरावते, आणि आपल्याला हवे आहेत बरोबर मधले ६५. म्हणजे चालू हीटर भट्टीला ४० अंश वर ओढतो आणि बंद हीटर ४० अंश खाली. उष्णता तारेतून ठोकळ्यात, ठोकळ्यातून सेन्सरच्या नळीत आणि तिथून सेन्सरमध्ये जाते. या तिन्ही टप्प्यांवर ती रेंगाळते. हिशेब सोपा राहावा म्हणून प्रत्येक टप्प्याचा टाइम कॉन्स्टंट एक मिनिट धरू.

रिलेकडून निघते ती चौकोनी लाट: एकदम वर, एकदम खाली. फूरिए यांच्या गणिताने ही लाट अनेक गुळगुळीत साइन लाटांची बेरीज म्हणून लिहिता येते. आपल्या ±४० च्या लाटेतली मूळ साइन लाट साधारण ५१ अंश उंचीची असते (४० गुणिले ४ भागिले π), तिच्या तिप्पट वेगाची पुढची लाट १७ अंशांची, पाचपट वेगाची १० अंशांची. या सगळ्या भट्टीत शिरतात, पण भट्टी आळशी आहे. तिला संथ लाट कळते, चपळ लाटेकडे ती लक्षच देत नाही. म्हणून सेन्सरपर्यंत जवळपास एकटी मूळ लाटच पोचते. युक्तीचं सारं मर्म इथेच आहे: रिलेच्या चौकोनी लाटेतली फक्त पहिली साइन लाट खरी धरायची, बाकीच्या विसरायच्या. मग रिले म्हणजे एक गेन उरतो, मात्र तो लाटेच्या उंचीवर अवलंबून असतो: N = 4M/(πA). इथे M म्हणजे रिलेचा जोर, A म्हणजे सेन्सरवरच्या लाटेची उंची. लाट लहान तर गेन प्रचंड, लाट मोठी तर गेन नगण्य. हेलकावा वाढायला लागला की रिलेच त्याचा जोर कमी करतो आणि मंदावला की वाढवतो. म्हणून तो एका उंचीवर येऊन टिकतो.

आता हेलकाव्याचा वेग. फीडबॅक उलटा असल्यामुळे लाट स्वतःच्याच शेपटीला जुळायची तर भट्टीने ती आणखी १८० अंशांनी (हे अंश कोनाचे) मागे रेटली पाहिजे. तीन सारखे टप्पे, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ६० अंश. ६० च्या कोनाचा टॅन १.७३२, म्हणून लाटेचा वेग मिनिटाला १.७३२ रेडियन, आणि एका हेलकाव्याला ३.६३ मिनिटं, म्हणजे ३ मिनिटं ३८ सेकंद. उंचीचंही तसंच सोपं. ६० चा कोसाइन अर्धा, म्हणजे प्रत्येक टप्प्यावर लाट निम्मी होते आणि तीन टप्प्यांत एक अष्टमांश उरते. ५१ भागिले ८, सुमारे ६.४ अंश. तिप्पट वेगाची लाट मात्र जवळपास दीडशे पटींनी खचते. १७ अंशांमधला जेमतेम दशांश अंश उरतो. सगळ्या लाटा मोजून काटेकोर उत्तर काढलं तर ३ मिनिटं ४१ सेकंद आणि ६.५ अंश येतात. पाठीवरच्या हिशेबासाठी हे फार झालं.

हाच हिशेब उलटा चालवण्याची कल्पना लुंड विद्यापीठातल्या कार्ल आस्त्रम आणि तोरे हेग्लुंड यांनी १९८४ मध्ये मांडली. भट्टीला मुद्दाम रिले लावायचा, हेलकावा मोजायचा आणि 4M/(πA) मधून तिच्या स्थैर्याची सीमा काढायची. आपल्या भट्टीसाठी ती ८ येते. त्यावरून कंट्रोलरची सेटिंग ठरवता येते.

आता खरी गंमत. कोणताही रिले ६५ वर लगेच उलटत नाही. त्याला थोडी मुभा ठेवतात, नाहीतर तो सारखा कटकट करत संपर्क जाळून घेईल. समजा ६७ ला बंद, ६३ ला चालू. कोणालाही वाटेल की तापमान आता दोन अंशांच्या आत राहील. आपल्या भट्टीत मात्र या मुभेमुळे रिलेसुद्धा उशीर करायला लागतो, आणि त्या उशिराचा कोन असा की त्याचा साइन म्हणजे २ भागिले A. तेवढा कोन १८० मधून वजा करून उरलेला तिघांत वाटायचा. A माहीत नाही, म्हणून आधीचा ६.४ घालून बघायचा: उत्तर १०.४ येतं. तो परत घालायचा: ८.७. मग ९.२, मग ९.०, मग ९.१, आणि तिथे थांबतं. एका हेलकाव्याला आता सव्वाचार मिनिटांच्या वर वेळ लागतो. दोन अंशांची मुभा आणि नऊ अंशांचे हेलकावे! सेन्सरला कळेपर्यंत हीटरने आपलं काम करून टाकलेलं असतं.

ही युक्ती कधी फसते, तेही इथेच दिसतं. भट्टीत तीनऐवजी एकच टप्पा असता तर? हिशेब म्हणतो, हेलकावे शक्यच नाहीत, कारण एक टप्पा लाटेला पूर्ण ९० अंश मागे रेटत नाही आणि मुभेचा रिलेही ९० च्या पुढे जात नाही. बेरीज १८० ला पोचत नाही. वास्तवात ती यंत्रणा ६३ ते ६७ मध्ये आरामात टकटक करत राहते, बरोबर दोन अंशांच्या मुभेत. एका टप्प्यात चपळ लाटा पुरेशा गाळल्या जात नाहीत, म्हणून आपण विसरलेल्या लाटाच इथे निर्णायक ठरतात. उत्तरावर विश्वास ठेवण्याआधी तिप्पट वेगाची लाट किती खचते ते बघावं, ते यासाठी.

गिअरमधली ढिलाई, जिला कारखान्यात ‘प्ले’ म्हणतात, तिचं वागणं वेगळं. ब्रिटनमध्ये आर्नल्ड टस्टिन यांनी १९४७ मध्ये ढिलाईमुळे होणाऱ्या हेलकाव्यांचा या अंगाने अभ्यास केला. मोटर उलट फिरते, दात सुटतो, पलीकडच्या दाताला टेकेपर्यंत टेबल जागेवरच. लहान हालचालीत तो उशीर ९० अंशांच्या जवळ जातो, मोठ्या हालचालीत नगण्य होतो. इथे सगळा हिशेब ढिलाई आणि हेलकाव्याची उंची यांच्या गुणोत्तरावर चालतो. म्हणून गिअर कसून ढिलाई निम्मी केली तर हेलकावा निम्मा होतो, पण त्याचा वेग तसाच राहतो. तो पुरता मारायचा तर लूपचा गेन एका सीमेखाली आणावा लागतो; मुभा नसलेल्या रिलेच्या बाबतीत तसली सीमाच नाही, त्याचा जोर कमी केला तरी फक्त उंची घटते. टेबलाची थरथर कशामुळे आहे हे ओळखायचं तर गेन हळूहळू उतरवून पाहावा. ढिलाईची असेल तर एका ठिकाणी ती एकदम थांबते. मात्र टेबल घर्षणाने जागच्या जागी थांबणारं हवं. जड टेबल सुटल्यावर स्वतःच्याच वेगाने घरंगळत पलीकडच्या दातावर आदळत असेल, तर हा हिशेब लागू नाही.