मोठा लेख ८ स्लाइडमध्ये बसवताना "कारण" हरवू देऊ नका



कॅरोसेलवरच्या व्हिडिओत मी एका तेलघाण्याचं उदाहरण ओझरतं सांगितलं होतं. ते पूर्ण लिहून द्या, असं बऱ्याच जणांनी म्हटलं. म्हणून आज तेच एक उदाहरण घेऊन बसू. वही-पेन जवळ ठेवा.

आमच्या बॅचमधल्या एका ताईंचा लाकडी घाण्याचा व्यवसाय आहे. शेंगदाणा तेल काढतात आणि ३८० रुपये लिटरने विकतात. "एवढं महाग का?" हा प्रश्न रोजचाच. कंटाळून त्यांनी एक लेख लिहिला, साधारण १४०० शब्दांचा. चांगला लिहिला होता. सासऱ्यांच्या काळातला घाणा, दाणे कसे निवडतात, तेल कसं निघतं, भाव असा का, तेल साठवायचं कसं, सगळं त्यात होतं.

मग त्याचं इन्स्टाग्रामसाठी कॅरोसेल केलं. लेखातलं प्रत्येक उपशीर्षक घेतलं, त्याखाली दोन ओळी टाकल्या, दहा स्लाइड तयार. "आमची परंपरा", "निवडक शेंगदाणे", "लाकडी घाणा", "शुद्धतेची खात्री"... दिसायला छान. लोकांनी लाइकही केलं. पण खाली कमेंट काय? "ताई, भाव जरा कमी करा." "दुकानात तर स्वस्त मिळतं."

म्हणजे ज्या प्रश्नाचं उत्तर द्यायला लेख लिहिला, तोच प्रश्न कॅरोसेलखाली पुन्हा आला.

नेमकं काय हरवलं?

उपशीर्षकं म्हणजे लेखातले विषय. विषय शिल्लक राहिले, पण त्यांना जोडणारे "कारण", "म्हणून" आणि "पण" हे शब्द गळून गेले. लेखात ताईंनी लिहिलं होतं की घाण्यात दाण्यातलं सगळं तेल निघत नाही, म्हणून एका लिटरला दाणे जास्त लागतात, म्हणून खर्च वाढतो. कॅरोसेलमध्ये फक्त "लाकडी घाणा" आणि "योग्य भाव" एवढंच उरलं. मधला जिना काढून टाकला आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, वर या.

म्हणून पहिला नियम: लेख छोटा करत बसू नका. लेख बाजूला ठेवा आणि त्यातला मुद्दा नव्याने मांडा.

पायरी १: "कारण" असलेलं एक वाक्य

लेख बंद करून एकच वाक्य लिहा. त्यात "कारण" हा शब्द आलाच पाहिजे. ताईंनी आधी लिहिलं, "आमचं तेल शुद्ध आणि पारंपरिक आहे." यात कारण नाही, आणि असं वाक्य कोणताही तेलवाला लिहू शकतो. तिसऱ्या प्रयत्नात हे वाक्य आलं:

"आमचं तेल ३८० रुपये लिटर आहे, कारण एका लिटरसाठी आमच्या घाण्यात अडीच किलो शेंगदाणे जातात."

हा झाला मुद्दा. आता लेखातल्या प्रत्येक परिच्छेदाला एकच प्रश्न विचारायचा: हे वाक्य पटायला तुझी गरज आहे का? सासऱ्यांची गोष्ट हृद्य आहे, पण भावाशी तिचा संबंध नाही, बाजूला. तेल साठवायची माहिती उपयोगी आहे, पण तीही बाजूला. फेकायचं काही नाही, त्याची वेगळी कॅरोसेल होतील. १४०० शब्दांतले जेमतेम ४०० शब्द या वाक्यासाठी कामाचे निघाले.

पायरी २: साखळी मांडा

आता गिऱ्हाईक समोर बसलंय असं समजा. तुमचं वाक्य ऐकून ते पुढचा प्रश्न काय विचारेल? त्याचं उत्तर म्हणजे पुढची स्लाइड. त्या उत्तरावर जो प्रश्न येईल, त्याची त्यापुढची. ताईंची साखळी अशी झाली. आकडे त्यांच्या लेखातले, त्यांच्या घाण्याचे आहेत. तुमचे वेगळे असतील.

१. शेंगदाणा तेल ३८० रुपये लिटर? आधी हिशोब बघा, मग ठरवा.

२. आमच्या घाण्यात १ लिटर तेलाला अडीच किलो शेंगदाणे लागतात.

३. दाणे १३० रुपये किलो. म्हणजे एका लिटरमागे नुसते दाणेच ३२५ रुपयांचे.

४. एवढे दाणे का? कारण लाकडी घाण्यात सगळं तेल निघत नाही. थोडं पेंडीतच राहतं.

५. दीड किलो पेंड विकून ६० रुपये परत येतात. पण मजुरी, वीज, बाटली मिळून ६५ जातात. खर्च झाला ३३०.

६. मग दुकानात स्वस्त कसं? मोठे कारखाने पेंडीत उरलेलं तेलही रसायन वापरून काढतात आणि हंगामात टनांनी माल घेतात. पद्धत वेगळी, म्हणून भाव वेगळा.

७. ३८० मधून ३३० गेले. उरलेल्या ५० रुपयांत जागेचं भाडं, लायसन्स आणि आमचं घर.

८. हिशोब पटला? आधी अर्धा लिटर घेऊन बघा. "घाणा" असा मेसेज करा.

आता दोन स्लाइडच्या मध्ये बोट ठेवा आणि तिथे कोणता शब्द बसतो ते बघा. २ आणि ३ मध्ये "म्हणून" बसतो. ३ वरून ४ वर जाताना "पण का?" येतं. ५ वरून ६ वर जाताना "पण मग" येतं. सगळीकडे नुसतं "आणि" बसत असेल, तर तुमच्याकडे यादी आहे, मुद्दा नाही. ताईंच्या पहिल्या दहा स्लाइड कशाही उलटसुलट लावल्या तरी चालल्या असत्या. या आठ लावून बघा, चालणार नाहीत.

दुसरी तपासणी काढून टाकण्याची. एक स्लाइड झाका आणि बाकीच्या वाचा. काही अडलं नाही, तर ती स्लाइड नको. ताईंची नववी स्लाइड होती "दाणे हाताने निवडलेले". झाकली, काही अडलं नाही, काढली. चौथी झाकली तर "अडीच किलो का?" हा प्रश्न लोंबकळत राहिला. म्हणून ती राहिली. इन्स्टाग्राम आता एका पोस्टमध्ये २० स्लाइड देतं, पण जागा आहे म्हणून भरायची नसते.

पायरी ३: "पण" आणि "आमच्या" हे शब्द सांभाळा

छोटं करताना सगळ्यात आधी कात्री लागते ती अटींना. आणि तिथेच खरं वाक्य खोटं होतं.

लेखात ताईंनी लिहिलं होतं, "स्वस्त तेल मिळतं ते भेसळीचंच असतं असं नाही, मोठ्या कारखान्यांची पद्धत आणि खरेदी वेगळी असते." कॅरोसेलच्या पहिल्या खर्ड्यात त्याचं झालं, "स्वस्त तेल म्हणजे भेसळ!" वाचायला दणदणीत, पण ताईंनी हे कधी म्हटलंच नव्हतं आणि ते खरंही नाही. शिवाय खाद्यपदार्थांच्या जाहिरातीत दिशाभूल करणारे दावे चालत नाहीत, त्यासाठी एफएसएसएआयचे २०१८ चे नियम आहेत. उद्या कोणी पुरावा मागितला तर काय देणार?

म्हणून सहावी स्लाइड ठेवली. ती विरुद्ध बाजूचा प्रश्न स्वतःहून विचारते आणि सरळ उत्तर देते. दुसऱ्या स्लाइडवरचं "आमच्या घाण्यात" हेही असंच. जागा वाचवायला ते काढलं, तर जगातल्या प्रत्येक घाण्याला अडीच किलोच लागतात असा अर्थ होतो. दाण्याच्या प्रतीनुसार आणि घाण्यानुसार हा आकडा बदलतो. दोन शब्दांची जागा गेली तरी चालेल, पण दुसरा घाणेवाला कमेंटमध्ये येऊन तुम्हाला खोटं पाडेल ते चालणार नाही.

सोपी सवय लावून घ्या. मूळ लेखात "पण", "बहुतेक", "आमच्याकडे", "जर" हे शब्द पेनाने गोल करा. कॅरोसेल झालं की प्रत्येक गोल कुठे गेला ते बघा. मुद्द्याची अट असेल तर ती स्लाइडवरच हवी. बाकीचा तपशील कॅप्शनमध्ये टाका, तिथे २२०० अक्षरांपर्यंत जागा असते. मात्र कॅप्शन सगळे उघडत नाहीत, म्हणून मुद्दा तिथे ढकलू नका.

पायरी ४: स्लाइडवर मांडणी

इथे थोडक्यात. उभी साइज घ्या, १०८० बाय १३५० पिक्सेल. सगळ्या स्लाइड एकाच मापाच्या ठेवा. एका स्लाइडवर एकच दावा, साधारण २५ शब्दांच्या आत. मराठीत वर वेलांट्या आणि खाली उकार येतात, त्यामुळे दोन ओळींमध्ये जास्त अंतर लागतं. इंग्रजी टेम्पलेट जसंच्या तसं वापरलं की अक्षरं एकमेकांवर चढतात.

दुसऱ्या स्लाइडकडे जास्त लक्ष द्या. पहिली बघून माणूस पुढे सरकला, तर इन्स्टाग्राम कधी कधी तीच पोस्ट त्याला नंतर दुसऱ्या स्लाइडपासून दाखवतं. म्हणून दुसरी एकटीच वाचली तरी कळली पाहिजे. "त्याचं कारण असं की..." अशी सुरुवात तिथे नको. ताईंची दुसरी स्लाइड एकटी वाचून बघा, पूर्ण कळते.

शेवटची परीक्षा

पोस्ट करण्याआधी लेख न वाचलेल्या एका माणसाला फोन द्या. स्लाइड बघून झाल्या की फोन परत घ्या आणि विचारा, "मी काय म्हणतेय?" "छान आहे" हे उत्तर धरायचं नाही. ताईंनी शेजारच्या काकूंना विचारलं. जुनं कॅरोसेल बघून काकू म्हणाल्या, "तुमचं तेल चांगलं आहे." नवीन बघून म्हणाल्या, "अगं, अडीच किलो दाणे जातात होय एका लिटरला! मग ३८० होणारच की."

पहिल्या पायरीत वहीत लिहिलेलं वाक्य आणि काकूंचं वाक्य एकच निघालं. तेव्हाच पोस्ट केलं.

नवीन कॅरोसेलखालीही भावाबद्दल बोलणारे आलेच, पण प्रश्न बदलला होता. "पाच लिटर घेतलं तर काय लावाल?" "पेंड सुटी मिळेल का?" हे गिऱ्हाईक हिशोब वाचून आलेलं होतं. ज्यांना ३८० परवडत नाहीत ते गेले, आणि ते कॅरोसेलने बदलणारही नाही.

आता तुमचा एक जुना लेख काढा आणि फक्त पहिली पायरी करा. "कारण" असलेलं ते एक वाक्य खाली कमेंटमध्ये लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यातली काही वाक्यं घेऊन आपण साखळी मांडू.