संपाच्या नोटिशीत पगाराचं काय लिहिलंय?

२७ डिसेंबर १९७७ रोजी बँक ऑफ इंडियाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी एक परिपत्रक काढलं. पगारवाढीचा प्रश्न रेंगाळला होता आणि संघटनेने २९ डिसेंबरला चार तासांच्या संपाची हाक दिली होती. परिपत्रकाचा आशय सरळ होता : संपात सामील झालात तर तो कराराचा भंग ठरेल, त्या दिवसाचा पूर्ण पगार मिळणार नाही आणि उरलेल्या वेळेसाठी कामावर येण्याचीही गरज नाही.

कर्मचाऱ्यांनी तरीही संप केला, तोही सकाळी काम सुरू होण्याच्या वेळेपासून. ग्राहकांसाठी बँक उघडी असते ते सगळे तास त्यात गेले. चार तास संपल्यावर मंडळी आपापल्या टेबलावर जाऊन बसली आणि बँकेने त्यांना अडवलं नाही. पुढे जानेवारीत आदेश निघाला की संपात असलेल्यांचा पूर्ण दिवसाचा पगार कापा. संप चार तासांचा, मग पूर्ण दिवसाचे पैसे कसे कापता, असा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. तिथे कर्मचारी जिंकले. सर्वोच्च न्यायालयात मात्र १९९० मध्ये निकाल फिरला. बँकेच्या कामाचा गाभाच त्या चार तासांत होता, तो बुडाला. तेव्हा पूर्ण दिवसाचा पगार कापण्याचा अधिकार बँकेला होता, असं न्यायालयाने म्हटलं. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती होते पी. बी. सावंत.

या खटल्यात ते दोन दिवस आधीचं परिपत्रक महत्त्वाचं होतं. पगार कापला जाणार हे कर्मचाऱ्यांना संपापूर्वी माहीत होतं, आणि तरीही ते गेले होते. संपाच्या काळात कारखान्याच्या गेटजवळच्या फलकावर व्यवस्थापन जी सूचना लावतं, ती बहुतेक कामगार धमकी समजून वाचतात; काही व्यवस्थापनं ती धमकी म्हणूनच लिहितात. प्रत्यक्षात हा कागद पुढे कधीतरी न्यायालयात वाचला जाणार असतो. त्यात तीन गोष्टी नीट लिहिलेल्या असाव्या लागतात : पगाराचं काय, कुठली कामं चालू राहणार आणि बोलायचं कुणाशी.

पण त्याआधी संप कायदेशीर आहे का, हे ठरतं तारखांवर.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा गेला. जुन्या केंद्रीय कायद्यात आधी नोटीस देण्याचं बंधन फक्त पाणी, वीज, वाहतूक यांसारख्या सार्वजनिक सेवांना होतं. आता ते प्रत्येक औद्योगिक आस्थापनेला आहे. महाराष्ट्रातल्या जुन्या युनियनवाल्यांना हे फार नवं वाटणार नाही. १९७१ च्या राज्य कायद्याखाली इथे चौदा दिवसांची नोटीस द्यावीच लागत होती आणि मान्यताप्राप्त युनियनला त्याआधी सभासदांचं बहुमतही घ्यावं लागत होतं.

समजा, चाकणच्या एखाद्या कारखान्यात युनियनने १ जूनला नोटीस दिली. पहिले चौदा दिवस संप करता येत नाही, म्हणजे १५ जूनपर्यंत थांबायचं. नोटीस साठ दिवस जिवंत राहते, तेव्हा ३१ जुलैनंतर तीच नोटीस दाखवून संपावर जाता येणार नाही. व्यवस्थापनाने पाच दिवसांत सरकारला आणि समेट अधिकाऱ्याला कळवायचं. आता समेट अधिकाऱ्याने ८ जूनला पहिली बैठक घेतली, तर त्याच दिवशी समेटाची कार्यवाही सुरू झाली असं धरतात. ती चालू असताना आणि संपल्यावर सात दिवस संपाला बंदी. अधिकाऱ्याने चौदा दिवसांत, म्हणजे २२ जूनला, समेट झाला नाही असं कळवलं, तर युनियनला मोकळीक मिळते ३० जूनला. तेवढ्यात कुणी औद्योगिक न्यायाधिकरणाकडे अर्ज केला, तर प्रकरण चालू असेपर्यंत आणि त्यानंतर साठ दिवस पुन्हा बंदी. कायदेशीर संपाचा रस्ता कागदावर आहे पण पावलागणिक दार बंद होतं, ही कामगार संघटनांची तक्रार इथून येते, आणि हे गणित पाहिलं की ती पोकळ वाटत नाही.

आणखी एक गोष्ट. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली, तर संहितेच्या लेखी तोही संपच आहे. ‘आम्ही संपावर नव्हतो, रजेवर होतो’ हे उत्तर आता चालत नाही.

टाळेबंदीलाही हेच नियम आहेत. फक्त नोटीस मालकाने द्यायची. आधीच संप चालू असेल तर टाळेबंदीची वेगळी नोटीस लागत नाही, पण सरकारला त्याच दिवशी कळवावं लागतं. कामगारांमध्ये टाळेबंदी आणि ले-ऑफ यांची गल्लत नेहमी होते. ले-ऑफमध्ये, म्हणजे माल किंवा वीज नसल्यामुळे काम देता येत नाही तेव्हा, पात्र कामगाराला मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळते. टाळेबंदीत अशी भरपाई नाही. म्हणून फलकावर यातला कुठला शब्द आहे, हे आधी बघावं.

आता पगार. ‘काम नाही तर दाम नाही’ ही ओळ प्रत्येक सूचनेत असते आणि अर्धीच खरी असते. १९९४ मध्ये सिंडिकेट बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की संपकाळाचा पगार मागायचा असेल तर संप कायदेशीरही हवा आणि समर्थनीयही हवा. नोटीस दिली, मुदत पाळली, समेट संपला, तरी मागणीच अवाजवी असेल किंवा मारहाण झाली असेल तर पगारावर हक्क राहत नाही. उलट दोन्ही कसोट्या पार पडल्या, तर न्यायाधिकरण मागाहून पगार द्यायला लावू शकतं. मालकाच्या टाळेबंदीलाही हाच न्याय. १९६३ च्या इंडिया मरीन सर्व्हिसच्या प्रकरणात संप चुकीचा होता आणि टाळेबंदी सुरुवातीला योग्य असली तरी नंतर नाहक लांबवली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने दोघांच्या पदरात चूक घातली आणि निम्मा पगार देववला.

तेव्हा नीट लिहिलेल्या सूचनेत अमुक तारखेपासून गैरहजेरीचा पगार दिला जाणार नाही, एवढंच असतं. ‘कधीही मिळणार नाही’ असं नसतं, कारण ते ठरवणं व्यवस्थापनाच्या हातात नाही. संपाआधी केलेल्या कामाचा पगार मात्र कुणालाही अडवता येत नाही. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा असतो, संप असो वा नसो. तो कसा मिळेल हे सूचनेत असावं. गेट बंद आणि पगार टाइम ऑफिसमधून घ्यायचा, असं झालं की पहिली ठिणगी तिथेच पडते.

एक कलम बऱ्याच कामगारांना माहीत नसतं. दहा किंवा अधिक जण ठरवून, कराराप्रमाणे लागणारी नोटीस न देता आणि योग्य कारणाशिवाय गैरहजर राहिले, आणि नोटिशीच्या बदल्यात पैसे कापण्याची अट करारात असली, तर गैरहजेरीच्या पगाराशिवाय आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो. ‘एका दिवसाला आठ दिवस’ अशी जी भीती कामगारांत फिरते, तिचं मूळ हे आहे. ती अट करारात नसेल किंवा रीतसर नोटीस दिलेली असेल, तर ही कपात लागू होत नाही.

चालू ठेवायच्या सेवांबद्दल सूचनांमध्ये सहसा ‘अत्यावश्यक सेवा सुरू राहतील’ एवढंच छापलेलं असतं, आणि ते कुणाच्याच कामाचं नसतं. कुठल्या पाळीत किती माणसं, कुठल्या गेटने आत येणार, हे लिहावं लागतं. बॉयलरवरचा माणूस, वीज उपकेंद्र, अग्निशमन, प्रथमोपचार, सुरक्षा ही यादी सगळ्यांना सुचते. विसरलं जातं ते सांडपाणी प्रक्रिया केंद्र, म्हणजे ईटीपी. जैविक प्रक्रियेच्या टाकीत सतत हवा सोडणारे ब्लोअर चालू असतात, कारण घाण खाणारे जिवाणू त्या हवेवर जगतात. ब्लोअर बंद पडले की जिवाणू मरू लागतात, टाकीला वास येतो, आणि संप मिटल्यावर ती पुन्हा पूर्वपदावर यायला आठवडे जातात. तोवर कारखाना चालू करता येत नाही, म्हणजे कामगारांचंही काम अडतं. म्हणून ही माणसं युनियनशी बोलून ठरवलेली बरी. त्यांना पूर्ण पगार मिळेल आणि युनियनने त्यांना गेटवर अडवायचं नाही, हे दोन्ही बाजूंच्या सहीने लिहून घ्यावं.

यात मालकालाही मर्यादा आहे. बेकायदेशीर नसलेल्या संपाच्या काळात नवे कामगार भरती करणं ही अनुचित कामगार प्रथा ठरते. सेवा चालू ठेवायच्या नावाखाली मागच्या दाराने भरती सुरू झाली, तर व्यवस्थापनाची बाजू तिथेच लंगडी पडते.

वीज, एसटी, रुग्णालयं यांचं प्रकरण निराळं. तिथे सरकार मेस्मा लावतं. जानेवारी २०२३ मध्ये महावितरण, महापारेषण आणि महानिर्मितीच्या कर्मचाऱ्यांनी खासगी कंपनीच्या समांतर परवान्याविरोधात ७२ तासांचा संप सुरू केला. मेस्मा लागू झाला होता, तरी संप मिटला तो त्याच दिवशी, ४ जानेवारीला, ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी संघटनांबरोबर बसून बोलल्यानंतर.

बोलायचं कुणाशी, हा सूचनेचा सगळ्यात दुबळा भाग असतो. ‘चर्चेची दारं खुली आहेत’ या वाक्याने काहीच उघडत नाही. व्यवस्थापनाच्या वतीने सही करण्याचा अधिकार असलेली व्यक्ती कोण, समेट अधिकाऱ्यासमोरची पुढची तारीख कोणती, युनियनच्या किती प्रतिनिधींना आत सोडणार, चालू सेवांबद्दल रात्री तक्रार आली तर फोन कुणी उचलायचा, हे लिहिलेलं असेल तर गेट मीटिंगमध्ये अफवांना जागा कमी राहते. सूचना बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेतही हवी. आज चाकण किंवा रांजणगावच्या गेटवर मराठीबरोबर हिंदीही लागते.

संप मिटताना जो करार होतो, त्यात संपकाळाचं एक कलम बहुधा असतं. काही दिवस रजेत वळते होतात, काही सुट्टीच्या दिवशी जादा काम करून भरून काढले जातात, उरलेले बिनपगारी राहतात. ग्रॅच्युइटीसाठी सलग सेवा मोजताना बेकायदेशीर नसलेल्या संपामुळे खंड पडत नाही. त्यामुळे पहिल्या नोटिशीची पोच, तिच्यावरची तारीख आणि शिक्का जपून ठेवायचा, अगदी निवृत्तीच्या दिवसापर्यंत.