ताळा जुळला, तरी उत्तर चूक

नालासोपाऱ्याच्या एका विद्यार्थिनीने परवा वहीच्या पानाचा फोटो पाठवला. बारावीचं मॅट्रिक्सचं गणित, रो ऑपरेशन करून सोडवायचं. "सर, माझं आणि मैत्रिणीचं उत्तर वेगळं येतंय, पण ताळा दोघींचा जुळतो. असं कसं?"

वहीत हे होतं :

```
1   1   1 | 6
2  -1   3 | 9
1   2  -1 | 2
```

हिने R2 → R2 − 2R1 आणि R3 → R3 − R1 केलं. उरलं −3y + z = −3 आणि y − 2z = −4. त्यातून z = 3, y = 2, x = 1.

मैत्रिणीने तोच फोटो विरार लोकलमध्ये मोबाईलवर पाहून उतरवला होता. दुसऱ्या ओळीतलं वजाचं चिन्ह नेमकं वहीच्या छापील रेघेवर आलेलं. तिला −1 ऐवजी 1 दिसला. तिचं उत्तर x = −11, y = 10, z = 7. पूर्णांक आले म्हणून तिला शंकाही आली नाही. ताळाही जुळला : −22 + 10 + 21 = 9.

ताळा जुळला म्हणजे उत्तर बरोबर, हा सगळ्यात पक्का बसलेला गैरसमज. तिने किमती घातल्या त्या स्वतः उतरवलेल्या समीकरणात, म्हणजे चुकीचा ताळा चुकीशीच लावला. फोटो मोठा करून मूळ ओळीत घातल्या असत्या, तर −22 − 10 + 21 = −11 आलं असतं; हवे होते 9. पहिली आणि तिसरी ओळ मात्र तिथेही जुळते. न जुळणारी ओळ एकटी दुसरी, तेव्हा बोट तिथेच ठेवून चिन्हं पाहायची.

पहिल्या समीकरणात जुळलं की पुरे, असंही मुलं धरून चालतात. पण x आपण त्याच समीकरणातून काढतो, ते बहुधा जुळणारच. R2 बदलताना उजवीकडचे 9 तसेच राहिले (ही चूक मी दर आठवड्याला पाहतो), तर z = 3/5, y = −14/5, x = 41/5 येतं. बेरीज तरीही 6! तिसरी ओळही जुळते, पकडते ती फक्त दुसरी. म्हणून ताळा तिन्ही ओळींत घ्यायचा.

आणि तिन्ही ओळी जुळल्या, तरी तेच एकमेव उत्तर असं नाही. वरच्या गणितात तिसरी ओळ 3 0 4 | 15 असती, तर ती पहिल्या दोन ओळींची बेरीजच. ऑपरेशननंतर तिथे 0 0 0 | 0 उरतं. मुलं इथे "उत्तर नाही" लिहून मोकळी होतात. उत्तर नसतं ते 0 0 0 | 5 सारखं काही उरलं तर. इथे (1, 2, 3) चालतं, (5, 1, 0) सुद्धा चालतं. z ला हवी ती किंमत द्या, x आणि y त्यावरून मिळतात.